उजवी नाकपुडी आठ महिने बंद. डॉक्टर म्हणतात अँट्रोकोएनल पॉलिप, घरचे म्हणतात ॲलर्जी

सातारकरीण

मुलगा चौदा वर्षांचा, नववीत आहे. मार्चमध्ये साधी सर्दी झाली. सर्दी गेली, पण उजवी नाकपुडी काही उघडली नाही. आम्ही कराडजवळ राहतो, धूळ आणि उसाच्या पाचटाची राख इथे कायमचीच, त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ॲलर्जी धरून रोज रात्रीची गोळी दिली. नंतर नाकात मारायचा स्प्रे दिला. तो तीन महिने नेमाने मारला. मे महिन्यात थोडा फरक पडलाय असं मला वाटलं होतं. आता वाटतं, ती मीच घातलेली माझी समजूत.

जूनपासून हा तोंड उघडं टाकून झोपायला लागला, घोरायला लागला. गणपतीत माझा भाऊ आला तेव्हा म्हणाला, "अगं, हा मला बाबा बाबा काय म्हणतोय?" मामाचं बाबा झालं होतं आणि नकोचं दको. आम्ही सगळे पोट धरून हसलो. आज त्याचं वाईट वाटतं.

शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि सीटी काढायला सांगितला. रिपोर्ट असा आहे: उजव्या गालातलं सायनस पूर्ण भरलेलं, त्यातून एक मऊ गाठ रुंदावलेल्या तोंडातून नाकात आलेली, तिथून मागे घशाच्या वरच्या भागापर्यंत गेलेली. हाडाची झीज नाही. डावीकडची सगळी सायनसं स्वच्छ. शेवटी 'अँट्रोकोएनल पॉलिप'. ऑपरेशन सांगितलंय, तारीख दिवाळीनंतरची.

माझी अडचण अशी की नणंदेच्या यजमानांना नाकात पॉलिप आहेत आणि त्यांची तीन ऑपरेशनं झालीत. ते म्हणतात, "काढलं तरी येतंच. मुळात ॲलर्जी आहे, ती आधी बरी करा, पोराला उगाच कापू नका." सासूबाईंनाही ते पटलंय. हा तोच आजार आहे का? आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

फवारा

ताई, माझं औषधाचं दुकान आहे, रोज बघतो. पॉलिप म्हणजे ॲलर्जीनेच सुजलेली नाकातली त्वचा. स्टेरॉइडचा स्प्रे नीट मारला तर पॉलिप आक्रसतात, कित्येकांचं ऑपरेशन टळतं. पण निम्मे लोक स्प्रे चुकीचा मारतात. मान मागे टाकतात आणि औषध सरळ घशात जातं. मान थोडी पुढे झुकवून, नळी कानाच्या दिशेने करून मारायचं, नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही. असं अजून दोन महिने करा आणि मग ठरवा. सोबत मिठाच्या पाण्याने नाक धुवा. ऑपरेशन कुठे पळून जात नाही.

दोन_मुलींची_आई

अगदी असंच माझ्या धाकटीचं होतं! तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं, गेंगाणं बोलणं. डॉक्टर म्हणाले, नाकामागची गाठ आहे, वयाबरोबर आपोआप लहान होते. आम्ही थांबलो आणि नऊ वर्षांची झाली तोवर खरंच कमी झालं. घाई करू नका, मुलांचं वाढतं वय असतं.

जुना_आरसा

सातारकरीण, मी या विषयात पस्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही रिपोर्ट नीट उतरवलाय म्हणून लिहितो.

'पॉलिप' या एका शब्दाने घोळ केलाय. नणंदेच्या यजमानांचे पॉलिप आणि मुलाचा पॉलिप यांचं आडनाव एक आहे, घर वेगळं.

ॲलर्जीचे म्हणून जे ओळखले जातात ते पॉलिप दोन डोळ्यांच्या मधल्या भागातून येतात. तिथे मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक पोकळ्या असतात. त्या सगळ्यांचं अस्तर सुजतं आणि प्रत्येक घरातून एकेक फुगा खाली लोंबतो. म्हणून ते अनेक असतात, दोन्ही बाजूंना असतात, सोललेल्या द्राक्षांच्या घडासारखे दिसतात आणि पुढून टॉर्च मारला तरी बऱ्याचदा दिसतात. हे बहुतेक मोठ्या माणसांत. वास जातो, सोबत दमा असू शकतो. आजार सगळ्या अस्तराचा असल्यामुळे चार द्राक्षं खुडली तरी वेल तिथेच राहते. यजमान "काढलं तरी येतं" म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं आहे.

मुलाचं तसं नाही. त्याला एकच गाठ आहे आणि तिचं मूळ गालाच्या हाडातल्या पोकळीच्या भिंतीवर एका जागी आहे. तळघरात रुजलेली भोपळ्याची वेल डोळ्यांपुढे आणा. देठ तळघराच्या झरोक्यातून बाहेर येतो, बोळातून मागे सरकतो आणि भोपळा मागच्या दारात धरतो. तळघर म्हणजे गालातलं सायनस, बोळ म्हणजे उजवी नाकपुडी आणि मागचं दार म्हणजे नाक जिथे घशात उघडतं ती जागा. नावातही तेवढंच आहे. अँट्रम ही ती पोकळी आणि कोआना हे ते मागचं दार. किलियन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1906 मध्ये ही गाठ सायनसातून निघते हे नीट मांडलं, म्हणून जुन्या पुस्तकांत तिला किलियनचा पॉलिप म्हणतात.

आता तुमच्या मामाच्या 'बाबा'कडे येतो, कारण पूर्ण धाग्यातली ती सगळ्यात कामाची ओळ आहे. म आणि न म्हणताना हवा नाकातून जावी लागते. ती वाट बंद झाली की म चा ब होतो आणि न चा द. पण नुसती उजवी नाकपुडी बंद असती तर हवा डावीकडून गेली असती आणि मामा मामाच राहिला असता. बाबा झाला याचा अर्थ भोपळा मागच्या अंगणात इतका वाढलाय की डावं दारही झाकतोय. सीटी येण्याच्या आधी तुमच्या भावाने निदान अर्धं करून ठेवलं होतं.

फवारा, स्प्रे मारण्याची पद्धत तुम्ही अगदी बरोबर सांगितलीत. ती बातमी चुकीच्या घरी दिलीत, इतकंच.

फवारा

डॉक्टरसाहेब, मान्य. पण सूज ती सूज. स्टेरॉइड सूज कमी करतं, मग इथे का नाही करणार?

जुना_आरसा

रास्त प्रश्न. द्राक्षाच्या घडातली सूज ही मुख्यतः इओसिनोफिल नावाच्या पेशींनी चालवलेली असते आणि स्टेरॉइड नेमकं त्यांच्यावर काम करतं. म्हणून त्या पॉलिपमध्ये स्प्रे हा पहिला उपाय असतो आणि ऑपरेशननंतरही तो चालूच ठेवावा लागतो. मुलाच्या प्रकारच्या गाठीत त्या पेशी बहुतेक वेळा थोड्याच सापडतात. सायनसातला भाग तर बरेचदा पाण्याने भरलेली पिशवीच असते. पाण्याच्या पिशवीला स्टेरॉइड काय करणार? शिवाय स्प्रे सायनसच्या आत, मुळापर्यंत पोचतच नाही. भोवतालचं अस्तर जरा उतरतं आणि आठवडाभर बरं वाटतं. आईंना मे महिन्यात जे वाटलं ते बहुधा तेच.

दोन_मुलींची_आई, तुमच्या मुलीची गाठ ॲडिनॉइडची. ती प्रत्येक मुलाला असते, मधोमध असते, लहान वयात मोठी असते आणि पुढे झडते. ती दोन्ही बाजू सारख्याच अडवते. चौदाव्या वर्षी फक्त उजवीकडे बंद, हे तिचं वागणं नाही. ही गाठ वयाबरोबर झडेल म्हणून थांबण्यात काही मिळत नाही.

मोगरा७२

मी त्या द्राक्षांच्या घडातली. दोन्ही नाकपुड्या, वीस वर्षं. फोडणीचा वास येत नाही, दूध नासलेलं कळत नाही, गॅस चालू राहिला तर शेजारीण येऊन सांगते. सोबत दमा. एकदा अंगदुखीला साधी गोळी घेतली आणि इतका दमा उठला की दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा कळलं की ॲस्पिरिन आणि तसल्या वेदनाशामकांचं, पॉलिपचं आणि दम्याचं असं एक त्रिकूटच असतं. दोन ऑपरेशनं झाली, स्प्रे कायमचा.

सातारकरीण, तुमच्या मुलाला वास येतो का? माझा पहिला गेला तो वासच.

सातारकरीण

येतो! बटाटेवड्याचा वास त्याला दारातूनच कळतो. दमा नाही, शिंका नाहीत, डोळे खाजत नाहीत. खरं सांगायचं तर ॲलर्जीसारखं काही नव्हतंच. फक्त एक बाजू बंद आणि त्या बाजूने शेंबूड. वेलीचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मुळासकट उपटायला सांग."

जुना_आरसा

सासूबाईंना माझा नमस्कार. शस्त्रक्रियेचा सगळा मुद्दा त्यांनी एका वाक्यात सांगितला.

वास टिकणं हे इथे जुळतंच. वासाची जागा नाकाच्या छताशी असते. ही गाठ खालून मागे जाते आणि दुसऱ्या बाजूचं छत मोकळं असतं.

घरी करण्यासारखी एक गोष्ट इतर वाचकांसाठी सांगतो. मुलाला तोंड मिटून नाकाखाली धरलेल्या गार आरशावर किंवा स्टीलच्या ताटलीवर श्वास सोडायला सांगा. वाफेचे दोन ठिपके उमटतात. निरोगी माणसातही ते सारखे नसतात, कारण नाकाच्या दोन बाजू काही तासांच्या अंतराने आलटून पालटून भरत असतात. म्हणून एकदा बघून काही ठरवू नका. चार-पाच दिवस, वेगवेगळ्या वेळी बघा. बाजू बदलत असेल तर तो नाकाचा नेहमीचा खेळ. नेहमी तीच बाजू कोरी राहत असेल तर आत काहीतरी अडलंय, मग तो वाकडा पडदा असो, लहान मुलाने घातलेला मणी असो की अशी गाठ. ॲलर्जी कधी फक्त उजवीकडे घर करून महिनोनमहिने राहत नाही.

आणखी एक खूण. ही मुलं सांगतात की श्वास आत घेताना थोडी वाट मिळते, सोडताना अडतं. कारण बाहेर पडणारी हवा मागून येते आणि भोपळा दारात बुचासारखा बसवते.

शंकासुर

थोडा खोडा घालतो. एका बाजूची गाठ म्हणजे हीच, असं सगळे धरून चाललेत. सीटीवरून इतकं खात्रीने सांगता येतं? दुसरं काही असेल तर? आधी तुकडा काढून तपासायला नको का? आमच्याकडे एका ओळखीच्या मुलाला नाकात गाठ निघाली, ती भलतीच निघाली होती.

फिल्मवाला

मी सीटी काढणारा तंत्रज्ञ. रिपोर्ट आमचे डॉक्टर लिहितात, मी फक्त हजारो पाहिलेत, तेव्हा त्या हिशेबाने घ्या.

या गाठीचं चित्र बऱ्यापैकी ओळखीचं असतं. गालातलं सायनस एकसारखं करडं, दार रुंदावलेलं आणि तीच करडी सावली डंबेलसारखी मध्ये बारीक होऊन मागे पुन्हा फुगलेली. हाड खाल्लेलं नसतं. सातारकरीण यांच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच आहे. सायनस करडं न दिसता आत पांढरट ढगाळ रेघोट्या दिसल्या तर डॉक्टर बुरशीचा विचार करतात. तोही आजार तरुण मुलांत एका बाजूला होतो, आणि त्यात ॲलर्जी असतेच. त्यामुळे 'एक बाजू म्हणजे ॲलर्जी नाहीच' हे शंभर टक्के धरू नका.

तुकड्याचं म्हणाल तर आमच्याकडे मुलग्यांच्या बाबतीत डॉक्टर फार जपून असतात. वयात येणाऱ्या मुलग्यांना नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची एक गाठ होते. ती कॅन्सर नसते, पण बाह्यरुग्ण विभागात बसवून तिचा तुकडा काढला तर रक्त थांबता थांबत नाही. शंका असेल तर शिरेतून औषध देऊन सीटी काढतो. ती गाठ दिव्यासारखी उजळते, पॉलिप उजळत नाही. फार तर कडेने पातळ रेघ येते.

जुना_आरसा

फिल्मवाला, छान सांगितलंत, आणि बुरशीबद्दल मला टोकलंत ते बरं केलंत. मी "कधी" हा शब्द सैल वापरला. नुसत्या धुळीच्या ॲलर्जीबद्दल तो खरा आहे, बुरशीच्या आजाराबद्दल नाही.

शंकासुर, तुमची शंका योग्य आहे. म्हणूनच आधी सीटी आणि नंतर हात. रक्तवाहिन्यांच्या त्या गाठीत मुलगा वारंवार घोळणा फुटल्याचं सांगतो, धार लागून रक्त येतं. सीटी नव्हता त्या काळी आम्ही डोक्याचा बाजूने एक्स-रे काढायचो. पॉलिप असेल तर गोळ्याच्या मागे हवेची काळी पट्टी दिसायची, कारण गोळा पुढून लोंबत असतो आणि मागच्या भिंतीला चिकटलेला नसतो. त्या पट्टीवर आम्ही बरंच काही ठरवायचो.

आणि एक प्रकार असा की मेंदूचं आवरण कवटीच्या तळाच्या भोकातून नाकात उतरतं आणि हुबेहूब पॉलिपसारखं दिसतं. लहान बाळाच्या नाकात एका बाजूला 'पॉलिप' दिसला तर आधी हेच आठवायचं, चिमटा लावायचा नाही. रडताना ते फुगतं. चौदा वर्षांच्या मुलात, सायनसमधून देठ निघताना सीटीवर दिसत असेल तर हा प्रश्न उरत नाही.

उलटही सांगून ठेवतो. एखाद्या लहान मुलाला दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे घड आले तर ॲलर्जी म्हणून पुढे जायचं नाही. मुलांत ते विरळा असतात. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात आजार आहे का ते घामाच्या तपासणीने बघावं लागतं.

टेकडीवरून

मुळासकट उपटण्याबद्दल आमचा अनुभव लिहितो. माझा धाकटा भाऊ, तेव्हा सोळा वर्षांचा. हाच आजार, डावीकडे. एका ठिकाणी ऑपरेशन झालं, वीस मिनिटांत बाहेर. डॉक्टरांनी बाटलीत गाठ दाखवली, आम्ही खूश. सव्वा वर्षाने पुन्हा तीच बाजू बंद. आम्हालाही सगळे म्हणाले, "पॉलिप आहे, येणारच." दुसऱ्या शहरात दाखवलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी जुना सीटी मागवला, नवा काढला आणि सांगितलं की पहिल्या वेळी नाकातली शेपूट निघाली होती, सायनसातलं मूळ तसंच होतं.

दुसऱ्या ऑपरेशनला दीड तास लागला. मूळ सायनसच्या पुढच्या भिंतीवर, खालच्या बाजूला होतं. ती जागा नाकातून गेलं तर दुर्बिणीलाही धड दिसत नाही. मग वरच्या ओठाच्या आतून, हिरडीच्या वर लहानसं भोक पाडून तिथूनही हत्यार घातलं. दोनेक महिने ओठाचा तो भाग बधिर होता. दात घासताना भाऊ म्हणायचा, दुसऱ्याचे दात घासतोय असं वाटतं. नंतर गेलं. आता चार वर्षं झाली, काही नाही.

सातारकरीण

हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या डॉक्टरांना काय विचारू? मला तर प्रश्नच नीट सुचत नाहीत. आणि दहावीचं?

जुना_आरसा

टेकडीवरून यांच्या भावाची गोष्ट दुर्दैवाने जुनी आहे. आम्ही शिकलो तेव्हा चिमट्याने देठ धरून गाठ ओढून काढायचे. आमचे एक सर म्हणायचे की नशीब चांगलं असेल तर ओढताना मूळही येतं. बरेचदा देठ तुटायचा आणि वर्षा-दोन वर्षांत मुलगा परत यायचा. परत येणारे बहुतेक त्याच काळात येतात. दुसरं टोक म्हणजे ओठ उचलून गालाचं हाड खिडकीएवढं उघडायचं आणि सायनसचं सगळं अस्तर खरवडायचं. त्यात मूळ राहत नसे, पण वाढत्या मुलांत वरचे दात आणि गालाची वाढ यांना धोका, म्हणून मुलांत ते टाळत गेले.

आता नाकातूनच दुर्बिणीने सायनसचं दार रुंद करतात. मग सरळ न बघता कोपऱ्यात वळून बघणाऱ्या दुर्बिणी, पंचेचाळीस आणि सत्तर अंशांच्या, आत घालून मूळ शोधतात आणि ते अस्तरासकट हाडापासून सोडवतात. बाकीचं निरोगी अस्तर तसंच ठेवतात. मूळ पुढच्या किंवा तळाच्या भिंतीवर निघालं तर भावासारखं आणखी एक लहान भोक लागू शकतं. मागचा भोपळा मोठा असेल तर तो नाकातून ओढत बसत नाहीत, तोंडातून काढतात. पूर्ण भूल लागते.

विचारायचं तर डॉक्टरांना एकच विचारा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. "मूळ कुठल्या भिंतीवर असेल असं तुम्हाला वाटतं आणि नाकातून ते दिसलं नाही तर काय कराल?" ज्यांनी याचा विचार केलाय ते तुम्हाला सीटीवर बोट ठेवून सांगतील. चिडले तर ते उत्तरच आहे.

दहावीचं: ही तातडीची गाठ नाही. चार-सहा आठवडे इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पण दहावी म्हणजे अजून दीड वर्ष. मुलगा आताच घोरतोय, तोंडाने श्वास घेतोय आणि गाठ मागे पसरलीय. रात्री घोरता घोरता श्वास थांबून दचकून उठतो का ते दोन रात्री जागून बघा. तसं असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, कारण तारीख अलीकडे आणावी लागेल आणि भूल देणाऱ्यांनाही ते माहीत हवं.

फवारा

एक विचारू का? माझ्या माहितीत एका वैद्यांनी नाकात तेलाचे थेंब देऊन नाकातला कोंब बरा केला होता. हल्ली स्प्रे न चालणाऱ्यांना मी तेच सांगतो.

जुना_आरसा

तो कोंब कुठला होता, दोन्हीकडे की एकीकडे, दुर्बिणीने पाहिला होता का, हे कळल्याशिवाय मी काय बोलू? नाकातली फुगलेली गुलाबी घडीदेखील लोकांना कोंब वाटते. ती सर्दीने फुगते आणि आपोआप उतरते, मग ज्याने शेवटचं औषध दिलं त्याचं नाव होतं. सळईने स्पर्श केला तर ती टणक लागते आणि दुखते. पॉलिप मऊ असतो, हलतो, दुखत नाही. गालाच्या हाडात रुजलेल्या देठापर्यंत तेलाचा थेंब जात नाही, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

शंकासुर

मग ही गाठ होते कशाने? ॲलर्जी नाही, मग काय?

जुना_आरसा

इथे मी हात वर करतो. सायनसच्या अस्तरातली एखादी ग्रंथी तुंबते, तिची पिशवी होते आणि वाढता वाढता दारातून बाहेर ढकलली जाते, असं पुष्कळांचं मत आहे. काही जण जुन्या जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतात. अशा काही मुलांना धुळीची ॲलर्जीही असते, पण ती गाठीचं कारण की निव्वळ शेजार, यावर आमच्यातच एकमत नाही. म्हणून मी सातारकरीण यांच्या नणंदेच्या यजमानांनाही पूर्ण खोटं पाडणार नाही. मुलाला ॲलर्जी असली तर तिचा इलाज वेगळा करायचा. त्याने गाठ जाणार नाही आणि गाठ काढल्याने ॲलर्जीही जाणार नाही.

सातारकरीण (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. ऑपरेशन झालं.

प्रश्न विचारला होता. डॉक्टर आधी गप्प झाले, मग म्हणाले, "हे कुणी शिकवलं?" आणि पडद्यावर सीटी लावून वीस मिनिटं समजावलं. त्यांचा अंदाज मागच्या भिंतीचा होता. निघालंही तिथेच, जरा बाहेरच्या बाजूला. ओठाजवळ भोक लागलं नाही. सव्वा तास लागला. भोपळा तोंडातून काढला. देठासकट सहा सेंटिमीटर भरला असं लिहिलंय. एक रात्र ठेवलं.

पहिले तीन दिवस वाईट गेले. नाक बंदच, त्यात रक्ताचे खपले. हा म्हणायचा, "आधीच बरं होतं." नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, हे त्याला दर तासाला सांगावं लागलं. नंतर दिवसातून तीनदा मिठाचं पाणी. आठव्या दिवशी डॉक्टरांनी दुर्बिणीने साफ केलं. त्या संध्याकाळी माझ्या भावाला फोन लावून दिला तर पहिलाच शब्द "मामा". भाऊ पलीकडे काही बोललाच नाही थोडा वेळ.

तपासणीचा रिपोर्टही आला: दाहजन्य पॉलिप, इओसिनोफिल तुरळक, बुरशी नाही, इतर काही नाही. फवारा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

फवारा

वाचलं ताई. दुकानात आता एकच बाजू बंद म्हणणाऱ्याला स्प्रे देण्याआधी विचारतो, किती दिवस आणि बाजू बदलते का. काल दोघांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. एकाचा पडदा वाकडा निघाला. दुसरा अजून गेलेला नाही.

मोगरा७२

माझ्याकडे बघून तुमचे नातेवाईक घाबरले असतील तर त्यांना सांगा, माझा आजार तोच नाही. मी मात्र तुमच्या पोराच्या वासाचा हेवा करते.

टेकडीवरून

अभिनंदन. पण दीड-दोन वर्षं तपासणी सोडू नका. भावाच्या डॉक्टर बाईंनी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दुसऱ्या वर्षअखेरीस दुर्बिणीने बघितलं होतं.

सातारकरीण

आम्हाला तिसरा आणि सहावा महिना दिलाय, पुढचं नंतर ठरवू म्हणाले. सहावा नेमका मे महिन्यात येतो, सुट्टीतच. पण एक अजून कळत नाही. नेहमीचे डॉक्टर म्हणतात, स्प्रे सहा महिने चालू ठेवा, परत येऊ नये म्हणून. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणतात, गरज नाही, मिठाचं पाणी पुरे. कुणाचं ऐकू?

जुना_आरसा

ज्यांनी आत डोकावून पाहिलंय त्यांचं ऐका. ऑपरेशननंतर काही डॉक्टर अस्तर बसेपर्यंत थोडे आठवडे स्प्रे देतात, तेही चूक नाही. पण स्प्रेने ही गाठ परत यायची थांबते असं मी तरी पाहिलेलं नाही. पुढे शिंका, खाज सुरू झाली तर स्प्रे ॲलर्जीसाठी घ्यायचा, गाठीसाठी नाही. तिसऱ्या महिन्याला विचारा की रुंद केलेलं दार उघडं राहिलंय का आणि मुळाची जागा दिसते का.

दोन_मुलींची_आई

डॉक्टरकाका, उशिरा विचारतेय. माझ्या मोठीचं, अकरावीतल्या, डावं नाक बंद असतं. तुमची ताटली चार दिवस बघितली. सकाळी डावीकडे वाफ नाही, संध्याकाळी दोन्हीकडे. रविवारी तर उजवीकडेच कमी होती.

जुना_आरसा

बाजू बदलतेय. रक्त येत नसेल, वास येत असेल तर अजून पंधरा दिवस ताटली बघा आणि वही ठेवा. ती वही घेऊन जवळच्या कान-नाक-घसा डॉक्टरांना एकदा दाखवून या. आणि ताटली वापरल्यावर धुवा हो.